गाणं काढलं तर विनोद उरतो का? वाडीतल्या मित्रांना घेऊन कॉमेडी व्हिडीओ करणाऱ्यांसाठी

शिमग्याला मुंबईची पोरं चार दिवस गावी येतात. त्यातला एक दिवस पालखीत जातो, एक झोपेत, आणि उरलेल्या दोन दिवसांत आता नवीन काम निघालंय, ते म्हणजे व्हिडीओ. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीतल्या पाच-सहा जणांनी मिळून यूट्यूबवर कॉमेडी चॅनल काढला आहे. बातम्या लिहितो म्हणून चार वाक्यं मला बरी जुळवता येतात, असा त्यांचा समज आहे. त्यामुळे गोष्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. काजूची बी गोळा करायची सोडून मी वही घेऊन बसलो. पहिला व्हिडीओ आम्ही कसा फुकट घालवला आणि नंतर तोच कसा उभा केला, ते इथे सविस्तर सांगतो. प्रत्येक तालुक्यात आता असे दोन-चार चॅनल आहेत आणि बहुतेकांची गाडी त्याच खड्ड्यात अडकते.

पहिला प्रयत्न

आमची गोष्ट साधी होती. मुलगी बघायला पाहुणे आलेत. मुलाचा बाप, त्याला आम्ही भाऊ म्हणू, मोठमोठ्या बढाया मारतोय. कलमं दोनशे, पेट्या अमुक, घर तमुक. तेवढ्यात त्याचा फोन वाजतो आणि रिंगटोनला एक हिंदी सिनेमातलं गाणं लागतं, ज्याचे शब्द नेमके कर्जबाजारी माणसाचे आहेत. तो फोन बंद करतो, परत बढाई मारतो, परत फोन वाजतो. तीन वेळा तीन गाणी. शूटिंग करताना आम्हीच पोट धरून हसलो. व्हिडीओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा झाला.

अपलोड केला, आणि थोड्या वेळात कळलं की तो कुठेच दिसत नाही. यूट्यूबवर शॉर्ट आता तीन मिनिटांपर्यंतचा चालतो. पण एक मिनिटापेक्षा लांब शॉर्टवर गाण्याच्या मालकाचा हक्क लागला, तर तो व्हिडीओ सगळीकडे अडवला जातो. आमच्यावर तिन्ही गाण्यांचे हक्क लागले होते.

पोरं म्हणाली, गाणं काढू आणि चढवू. तशी सोय यूट्यूब स्टुडिओत आहे. तेवढा तुकडा कापता येतो, गाण्याचा आवाज पुसता येतो, नाहीतर त्यांच्याकडचं दुसरं फुकट संगीत बसवता येतं. आम्ही तिन्ही करून बघितलं. गाणं पुसल्यावर एक माणूस उगाच खिशाकडे बघून दचकतोय, एवढंच दिसत होतं. दुसरी धून बसवली तर ती नुसती वाजली, भाऊच्या खिशात पैसे नाहीत हे तिने सांगितलं नाही. तुकडा कापावा तर गोष्टच संपली. तोवर दोघे जण रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलेही होते. आता परत शूटिंग थेट गणपतीत.

त्या सहा महिन्यांत मला एक गोष्ट पटली. लिहिलेल्या पानावरून गाणं खोडायचं आणि उरलेलं मोठ्याने वाचायचं. हसू आलं तर विनोद आपला. नाही आलं तर आपण दुसऱ्या कुणाचा तरी विनोद उसना आणलाय, आणि ज्याचा आहे तो कधीही मागू शकतो. ही तपासणी वहीत करायला पाच मिनिटं लागतात. शूटिंगनंतर करायची म्हटली तर गणपतीची वाट बघावी लागते.

गाण्यात नक्की कुणाचं काय असतं

एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. शब्द, चाल आणि ते रेकॉर्डिंग. तिघांचे मालक वेगळे असू शकतात. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांचा हक्क कवी किंवा संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क ते बाहेर आल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. म्हणजे 1960 साली निघालेल्या तबकडीचा रेकॉर्डिंगचा हक्क 2020 अखेर संपला. पण शब्द ग. दि. माडगूळकरांचे असतील तर ते 1977 साली गेले, त्यामुळे त्या शब्दांचा हक्क 2037 अखेरपर्यंत चालूच आहे. ‘जुनं गाणं आहे, कोण विचारतोय’ असं म्हणणाऱ्याला हे उदाहरण द्यावं.

आरतीचंही तसंच. समर्थांच्या आरतीचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत. पण मोबाइलवर वाजते ती आरती कुणीतरी गायलेली आणि कुठल्यातरी कंपनीने काढलेली असते. ती लावली तर हक्क लागू शकतो. तीच आरती घरातल्या माणसांनी टाळ-मृदंगावर म्हटली तर ते रेकॉर्डिंग आपलं.

आता चालीबद्दल. आमच्याकडे नमनात गण, गौळण आणि पुढे वग असतो. अलीकडची पुष्कळ मंडळं सिनेमाच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवतात. रात्रभर अंगणात चालतं, कुणी काही म्हणत नाही. म्हणून आमच्यातला एक जण म्हणाला की आपणही शब्द बदलू. पण शब्द बदलले तरी चाल दुसऱ्याचीच राहते. यूट्यूबची आवाज ओळखणारी यंत्रणा नुसतं रेकॉर्डिंगच नाही तर चालही पकडू शकते. गुणगुणलेल्या चालीवर हक्क लागल्याची उदाहरणं आहेत. दर वेळी लागेलच असं नाही, पण आपली सुटीच चार दिवसांची, त्यात नशिबावर कशाला सोडायचं.

विडंबनाला सूट आहे, असंही पुष्कळ जण सांगतात. आपल्या कायद्यात टीका, समीक्षा, चालू घडामोडींची बातमी, खासगी वापर यांसाठी वाजवी वापराची तरतूद आहे. विडंबन असा वेगळा शब्द त्यात नाही. आणि आमच्या व्हिडीओत तर गाण्यावर टीकाही नव्हती, आम्ही गाण्याकडून फुकट काम करून घेत होतो. ‘पाच सेकंद वापरलं तर चालतं’ हाही नियम कुठे लिहिलेला नाही. व्हिडीओखाली ‘हक्क मूळ मालकाचे’ असं लिहिल्याने तर काहीच होत नाही. गाडीवर ‘देवाची कृपा’ लिहिलं म्हणून लायसन्स लागत नाही असं थोडंच आहे.

मग भाऊच्या खिशाचं कुणी सांगायचं?

परत लिहायला बसलो तेव्हा गाणं सोडून दिलं आणि एकच प्रश्न धरला. गाण्याने काम काय केलं होतं? भाऊ तोंडाने जे सांगतोय त्याच्या उलट खरी गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली होती. हे काम दुसरं कोण करू शकेल? शेजारी बोलला तर भांडण होईल. बायको बोलली तर गोष्ट वेगळ्याच वाटेने जाईल. शेवटी उत्तर त्याच खिशात सापडलं. पुष्कळ फोनमध्ये येणाऱ्या कॉलचं नाव मोठ्याने बोलून दाखवायची सोय असते. नाव सेव्ह कुणी केलं? भाऊने स्वतः. म्हणजे त्याचं पितळ त्याच्याच हाताने उघडं पडणार. रिंगटोनच्या गाण्यात ही गंमत नव्हती, गाणं योगायोगाने लागत होतं.

लिहिलेलं असं होतं:

*घराची पडवी. खुर्च्यांवर भाऊ आणि त्याचा मुलगा. समोर मुलीचे वडील अण्णा आणि आई काकू. भाऊचा फोन टीपॉयवर.*

फोन : थोरली ताई… थोरली ताई…

मुलगा : नवीन फोन आहे. नाव वाचून दाखवतो.

भाऊ : (फोन बंद करून) भारीतला आहे. हां, तर कलमं म्हणाल तर दोनशे. मोजायला माणूस लावावा लागतो.

फोन : सोसायटी वसुली… सोसायटी वसुली…

भाऊ : सोसायटीवाले पाठीच लागलेत, चेअरमन व्हा म्हणून.

अण्णा : बरं.

भाऊ : आणि आपला सगळा व्यवहार रोखीचा. उधारी आपल्याला जमत नाही.

फोन : फवारणी औषध बाकी… फवारणी औषध बाकी…

भाऊ : तो आपलं देणं लागतो. समोर यायला लाजतो बिचारा, म्हणून फोन करतो.

अण्णा : बरं.

*काकू अण्णांकडे बघतात. अण्णा उपरण्याखाली हळूच आपला फोन काढतात, एक नंबर लावतात आणि भाऊकडे बघत बसतात.*

फोन : व्याही, खर्च यांचा… व्याही, खर्च यांचा…

*कुणी बोलत नाही. दारात मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी.*

काकू : अगं, पोहे राहू देत. पाणी आण नुसतं.

एवढंच. वाचायला एक मिनिटाच्या आत बसतं, आणि बघ्यांच्या थांब्यांसकट करायला सव्वा मिनिट लागलं.

याची बांधणी सांगतो, कारण कुठल्याही छोट्या प्रसंगाला ती कामाला येते. एका माणसाला काहीतरी हवंय, इथे भाऊला स्थळ जमवायचंय. एकच अडचण आहे, ती म्हणजे फोन. तीच अडचण परत परत येते, पण दर वेळी जास्त महाग पडते. पहिल्या दोन वेळा भाऊ थाप मारून सुटतो, आणि थापही अशी की ऐकणारा म्हणेल, काय डोकं आहे. तिसऱ्या वेळी थाप मारताच येत नाही, कारण फोन करणारा समोर बसलाय. सुटका संपली की प्रसंग संपवायचा. आमच्या पहिल्या मसुद्यात यापुढे भाऊची बायको येऊन त्याला झापते, असं दहा ओळींचं होतं. ते खोडलं. भाऊ पकडला गेल्यानंतर त्याला कुणीही काही बोललं तरी ते कमीच पडतं.

सुरुवातीची ‘थोरली ताई’ मात्र नंतर घातली. पहिल्या तालमीचा व्हिडीओ मी माझ्या चुलतीला दाखवला. तिला गोष्ट सांगितली नव्हती. ‘सोसायटी वसुली’ ऐकल्यावर ती हसली नाही, तिने विचारलं, “ह्यो कोन बोलतोय मधीच?” फोन नाव वाचतो हे तिला ठाऊकच नव्हतं. त्यावर एकच उपाय होता. फोन आधी एकदा निरुपद्रवी नाव घेऊन वाजवायचा आणि मुलाने ते बापाच्या तोऱ्यात सांगायचं. सहा सेकंद गेले, पण पुढचे तिन्ही फोन त्यावर उभे राहिले. कुणाला दाखवताना ‘कसा वाटला’ असं विचारू नये. माणसं ‘झकास’च म्हणतात. ती कुठे हसतात आणि कुठे कपाळाला आठी घालतात, तेवढं बघावं.

कुणाला काय द्यायचं

मित्रांना घेऊन करायचं म्हटलं की सगळ्यात बडबड्या माणसाला सगळ्यात मोठं काम मिळतं. आमच्याकडे तो नमनात संकासुर करतो. काळा झगा, डोक्याला उंच टोपी, कमरेला घुंगरं, आणि गावातल्या भानगडींवर आयत्या वेळी बोलणं. त्याच्यात दम आहे यात शंका नाही. पण नमनातला आवाज शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीपर्यंत जायचा असतो आणि मोबाइलचा कॅमेरा दोन हातांवर असतो. तोच आवाज, तेच हातवारे इथे बटबटीत दिसतात. आम्ही त्याला भाऊ दिला, कारण बढाईखोर माणूस तसाही मोठ्यानेच बोलतो. मात्र हात मांडीवर ठेवून बोलायचं, अशी अट घातली. हात बांधल्यावर त्याची बढाई डोळ्यांत आणि मानेत आली, आणि तिथेच ती हसवते.

अण्णांचं काम माझ्या साठीच्या पुढच्या चुलत्यांना दिलं. त्यांना पाठांतर होत नाही. म्हणून त्यांना वाक्यच दिलं नाही, फक्त ‘बरं’. खऱ्या आयुष्यातही ते एवढंच बोलतात. पंचवीस वर्षांच्या पोराला काजळाची मिशी काढून बाप केला असता तर बघणारा मिशीकडेच बघत बसला असता. स्टेजवर ते चालून जातं, मोबाइलवर प्रत्येक केस दिसतो. काकूंचं काम एका पोराने लुगडं नेसून करायचं ठरत होतं. गौळणीत आमच्याकडे पुरुषच बायांची कामं करत आलेत आणि लोकांना त्यात काही वाटत नाही. पण इथे लुगड्यालाच लोक हसले असते आणि शेवटच्या ‘पाणी आण’ला कुणी हसलं नसतं. म्हणून वाडीतल्या एका ताईंनाच विचारलं. त्या दोन टेकमध्ये मोकळ्या झाल्या. आम्हाला नऊ लागले.

माणसाच्या अंगचं काम त्याला देणं ही काही आमची शोधून काढलेली गोष्ट नाही. राजापूर तालुक्यातल्या माडबनचे गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये गावातली माणसं महाभारतातलं नाटक बसवतात, आणि हसू येतं ते ही माणसं त्या भूमिकांत काही केल्या मावत नाहीत म्हणून. यूट्यूबवर 2016 साली सुरू झालेल्या भाडिपाने, म्हणजे सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांच्या चॅनलने, आधी ‘कास्टिंग काउच’ केलं. त्यात अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी हे दोघे दोस्त आपापल्या नावानेच वावरतात. त्यांच्या ‘आई आणि मी’ या भागांत रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे घरातल्या घरात बोलत बसतात, आणि सगळी गंमत आईच्या प्रश्नांत असते. खर्चिक काही लागत नाही. हे भाग आवाज बंद करून बघा, मग आवाज लावून नुसते ऐका. कुठलं हसू चेहऱ्यावरून येतं आणि कुठलं वाक्यावरून, ते कळेल.

पाठांतराबद्दल आमचा अनुभव असा की सगळी वाक्यं जशीच्या तशी पाठ करून घेतली तर पोरं शाळेतल्या कवितेसारखी म्हणतात. आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत बोलू द्यावं. पण तीन-चार वाक्यांना हात लावू द्यायचा नाही. ‘उधारी आपल्याला जमत नाही’ हे वाक्य फोन वाजायच्या अगदी आधी आणि ‘नाही’वर संपलंच पाहिजे. त्यानंतर भाऊ आणखी चार शब्द बोलला की फोनचा टोला चुकतो. एका टेकमध्ये आमचा भाऊ रंगात येऊन पुढे बँकेवर बोलत सुटला. वाक्यं चांगली होती, टेक फुकट गेला.

हसणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला रागावून उपयोग नाही, रागावलं की आणखी हसतो. आम्ही त्याला मुलगा केला आणि भाऊच्या बाजूला अशा खुर्चीत बसवला की मोठ्या शॉटमध्ये त्याचं अर्धं तोंड खांबाआड जातं.

कामाआधी दोन गोष्टी बोलून घ्याव्यात. व्हिडीओ सगळ्यांना दिसणार आहे, याला होकार आहे का, हे प्रत्येकाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. अठराच्या आतलं कुणी असेल तर आई-वडिलांकडून. दारात उभी राहणारी मुलगी फक्त तीन सेकंद दिसते, तरी तिच्या घरी जाऊन आधी सांगून आलो. लग्नाच्या वयाच्या मुलीचा ‘स्थळ’ नावाचा व्हिडीओ उद्या कुणी कुठेही पाठवेल, हे त्यांना माहीत असायला हवं. दुसरं, चॅनल कुणाच्या ईमेलवर आहे आणि पुढेमागे पैसे आलेच तर वाटणी कशी, हेही आधीच ठरवावं. आमच्या शेजारच्या वाडीतला चॅनल याच कारणाने बंद पडला. विनोद संपले म्हणून नाही.

शूटिंगच्या दिवशी

गणपतीचा तिसरा दिवस होता. दोन मोबाइल, एक स्टँड. कॅमेरा आडवा की उभा, ते आधी ठरवावं. शॉर्टसाठी उभा. उभ्या चौकटीत चार माणसं शेजारीशेजारी मावत नाहीत, म्हणून भाऊ आणि मुलगा पुढे-मागे बसवले.

सगळा प्रसंग आम्ही तीनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत केला. एकदा लांबून सगळे दिसतील असा, एकदा फक्त भाऊवर कॅमेरा, एकदा फक्त अण्णा-काकूंवर. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. फोन वाजल्यावर भाऊ काय करतो त्यापेक्षा काकू अण्णांकडे कशा बघतात त्यावर लोक हसतात. नवीन पोरं नेमका हाच शॉट घेत नाहीत, कारण त्यात कुणी बोलत नसतं.

आवाजासाठी पंखा बंद, टीव्ही बंद, पत्र्यावर पाऊस लागला की थांबायचं. पडवीत आवाज घुमत होता, तर कॅमेऱ्याच्या मागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या. फोनचा आवाज आम्ही खऱ्या फोनचा घेतला नाही. तो शूटिंगमध्ये ऐकूच येत नव्हता आणि मराठी नावं भलतीच तोडून म्हणत होता. भाचीने नाक धरून, एका सुरात ती नावं म्हटली आणि ते वेगळं रेकॉर्ड करून नंतर बसवलं. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यामागून एकाने नुसतं वाक्य बोलायचं, म्हणजे सगळ्यांना वेळ कळते.

खरी फजिती बाहेरून आली. गणपतीत स्पीकर लागतोच. पहिला सगळा टेक झाल्यावर इअरफोन लावून ऐकला, तर मागे लांबवर सिनेमाचं गाणं. आम्हाला तिथे बसून ते जाणवलंच नव्हतं, कान सरावलेले असतात. पण यंत्राचा कान सरावत नाही. आपण गाणं लावलं की शेजाऱ्याने, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग मंडळाच्या पोरांना सांगून दुपारी तीन ते चार स्पीकर बंद ठेवला. तेव्हापासून आमचा नियम आहे. टेक सुरू करण्याआधी सगळ्यांनी गप्प बसायचं, दहा सेकंद रेकॉर्ड करायचं, इअरफोनने ऐकायचं. लांबची गाडी, कोंबडा चालेल. सूर ऐकू आला तर थांबायचं. हळद, लग्न, बाजार, टपरीवरचा टीव्ही, रिक्षातला टेप, सगळीकडे हीच कटकट असते. मध्येच गाणं सुरू झालं तर ‘कापू नंतर’ म्हणू नये. माणसाच्या बोलण्याखालचं गाणं मोबाइलवर नीट निघत नाही, बोलणंही खराब होतं.

सुरुवातीला आणि शेवटी काहीतरी वाजायला हवं, असं पोरांचं म्हणणं पडलं. नमनातल्या मृदंगवाल्याला बोलावलं आणि त्याने चार मात्रांचा एक तुकडा वाजवला. कुठल्या गाण्याचा नव्हे, नुसता तुकडा. तो आता आमच्या प्रत्येक व्हिडीओला आहे. ज्यांच्याकडे असा माणूस नाही त्यांनी यूट्यूब स्टुडिओतली `Audio Library` बघावी. ती कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर उघडते. तिथलं संगीत फुकट आहे, पण काहींना खाली संगीतकाराचं नाव द्यावं लागतं. ते त्या धुनेशेजारीच लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं चिकटवावं.

शॉर्ट बनवताना ॲपमध्येच मोठमोठी गाणी मिळतात, मग ती का वापरू नयेत, असं कुणीही विचारेल. वापरता येतात. पण ती परवानगी त्या ॲपपुरती आणि ठरावीक लांबीपुरती असते. तोच व्हिडीओ उतरवून दुसरीकडे चढवला तर परवानगी सोबत जात नाही. इन्स्टाग्रामवर खातं बिझनेसचं केलं की पुष्कळ गाणी दिसेनाशी होतात, तेही त्यामुळेच. आणि कंपनीचा ॲपशी करार संपला तर जुन्या व्हिडीओचा आवाज जाऊ शकतो. नाचाच्या रीलचं त्यात फार बिघडत नाही. विनोदाचा टोलाच गाण्यात असेल तर मुका व्हिडीओ उरतो.

चढवताना

व्हिडीओ थेट सगळ्यांसाठी खुला करू नका. आधी `Private` ठेवून चढवायचा. स्टुडिओत `Checks` नावाची पायरी येते, तिथे गाण्याचा हक्क लागतोय का ते सांगितलं जातं. थोडा वेळ जातो, चहा घेऊन यावा. काही सापडलं नाही असं आलं की मगच `Public` करायचा. व्हॉट्सॲपवर अख्ख्या वाडीला लिंक पाठवल्यावर व्हिडीओ अडला, असं निदान होत नाही. नंतर कधीतरी हक्क लागू शकतो, कारण मालक नवी गाणी यादीत टाकत असतात. पण आपल्या व्हिडीओत गाणंच नसेल तर सहसा प्रश्न येत नाही.

हक्क लागला तर घाबरून चॅनल बंद करणारे मी बघितलेत. हक्क लागणं आणि स्ट्राइक येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क बहुतेक वेळा यंत्र लावतं. त्यात व्हिडीओची कमाई मालकाकडे जाते, किंवा व्हिडीओ काही ठिकाणी दिसत नाही, पण चॅनलला धक्का लागत नाही. स्ट्राइक म्हणजे मालकाने कायदेशीर मागणी करून व्हिडीओ काढायला लावला. तो 90 दिवस राहतो, आणि 90 दिवसांत तीन झाले तर चॅनलच जाऊ शकतो, सगळ्या जुन्या व्हिडीओंसकट.

हक्क चुकीचा वाटला तर हरकत घेता येते आणि समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. आपण स्वतः वाजवलेल्या मृदंगावर कुणी हक्क सांगितला तर जरूर घ्यावी. मूळ रेकॉर्डिंग फोनमधून पुसू नये, तोच पुरावा. पण गाणं खरंच त्यांचं असेल आणि आपण ‘थोडंसंच वापरलं’ म्हणून हरकत घेतली, तर प्रकरण हक्कावरून स्ट्राइकवर जाऊ शकतं. आमच्या शिमग्याच्या व्हिडीओवर पोरांना हरकत घ्यायची होती. मी नको म्हटलं, तीन गाणी म्हणजे तीन मालक.

गणपतीतला ‘स्थळ’ `Checks`मधून स्वच्छ निघाला. अनंत चतुर्दशीला चढवला, तोवर भाऊ मुंबईला कामावर हजर झाला होता. त्याला आता डब्यात लोक ‘खर्च यांचा’ म्हणून हाक मारतात, असं सांगत होता. माझे चुलते मात्र नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, पुढच्या वेळी दोन वाक्यं तरी द्या. शिमग्यासाठी तीन प्रसंग वहीत लिहून ठेवलेत. एकात वाडीतल्या एकुलत्या एक रेंजच्या जागेवर, फणसाखाली, सकाळची रांग लागते. त्यात लग्नाच्या वरातीचा एक तुकडा होता. परवा मोठ्याने वाचताना बँडचं गाणं खोडलं आणि कुणी हसलं नाही. ते पान पुन्हा लिहायला घेतलंय.